पाळी वेळेवर येत होती, बीज मात्र तयार होत नव्हतं

माझी पाळी दर महिन्याला येते. कधी 28 दिवसांनी, कधी 30, क्वचित 32. लग्नाला तीन वर्षं झाली. मूल हवं असं ठरवून सव्वा वर्ष गेलं तरी काही नाही. त्या काळात ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला, "पाळी वेळेवर येते ना?" मी हो म्हटलं की समोरचं माणूस निश्चिंत व्हायचं, आणि मीही. आमच्या सासूबाई तर म्हणायच्या, "पाळी नीट आहे म्हणजे तुझ्यात काही दोष नाही गं, होईल सावकाश." या वर्षी मार्च ते ऑगस्ट ज्या तपासण्या केल्या त्यातून कळलं की माझ्या अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडतच नव्हतं. महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होत होता, तो बीजाशिवायच. हे कसं ओळखतात हे मला कुठे सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी तासगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. घर सांगलीत, विश्रामबागेकडे. सुरुवात गावाजवळच्या एका दवाखान्यातून झाली. तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याची वीर्यतपासणी करायला सांगितली (ती ठीक आली, आणि ती आधी करून घेतली हे बरंच झालं) आणि मला "एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन" असं चिठ्ठीवर लिहून दिलं. पाळी 5 मार्चला आली होती, म्हणून 25 मार्चला शाळेत जायच्या आधी लॅबमध्ये रक्त दिलं. सातशे रुपये घेतले. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला, 1.1. सोबत नुसता संदर्भ-तक्ता, त्यात चक्राच्या चार टप्प्यांचे चार वेगवेगळे आकडे. मी कुठल्या टप्प्यात आहे हे कोण ठरवणार? डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की हार्मोन कमी आहे, गोळ्या सुरू करू. गोळ्या कशाच्या आणि नेमकं कमी काय, याचं उत्तर मिळेना. मन मानेना. मैत्रिणीने मिरजेतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचं नाव सुचवलं आणि 9 एप्रिलला त्यांच्याकडे गेलो. केसपेपरसह पाचशे रुपये, आणि बसावं लागलं जवळजवळ तीन तास.

मॅडमनी रिपोर्ट हातात घेतला आणि पहिला प्रश्न केला, "यानंतर पाळी कधी आली?" 6 एप्रिलला आली होती. त्यांनी बोटावर मोजलं. म्हणजे रक्त दिलं ते पुढच्या पाळीच्या बारा दिवस आधी. "मग या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि रिपोर्टच्याच पाठीवर रेघ ओढून समजावून सांगितलं.

बीज फुटून बाहेर पडलं की ज्या पिशवीतून ते निघालं, तीच पिशवी पुढचे साधारण चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन तयार करते. हा हार्मोन बीज बाहेर पडल्यावर हळूहळू चढतो, सुमारे सातव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि पाळीच्या आधी उतरतो. म्हणून रक्त द्यायचं ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. चक्र 28 दिवसांचं असेल तर हा दिवस एकविसावा येतो, इतकंच. ज्या बाईचं चक्र 32 दिवसांचं आहे तिने पंचविसाव्या दिवशी द्यायला हवं. माझं मार्चमधलं चक्र 32 दिवसांचं झालं होतं. त्या महिन्यात बीज उशिरा, अगदी रक्त देण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत बाहेर पडलं असतं, तरी आकडा असाच कमी आला असता. म्हणजे बीज झालं नाही असंही या रिपोर्टवरून सिद्ध होत नव्हतं आणि झालं असंही नव्हतं.

मग त्यांनी बरेच प्रश्न विचारले. पाळीच्या आधी छाती जड होते का? पोटात, कमरेत कळा येतात का? मधल्या दिवसांत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, तार निघणारा स्राव दिसतो का? रक्तस्राव दर महिन्याला सारखाच असतो का? माझी उत्तरं ऐकून त्यांच्यापेक्षा मीच चकित झाले. मला पाळी येणार हे कधीच आधी कळत नाही, अचानक कपडे खराब होतात. दुखत अजिबात नाही. कॉलेजात मैत्रिणी गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेल्या असायच्या आणि मी मैदानावर. एखाद्या महिन्यात दोन दिवस नुसते तपकिरी डाग, तर पुढच्या महिन्यात आठ-आठ दिवस. मॅडम म्हणाल्या की बीज बाहेर पडणाऱ्या चक्रात बहुतेक जणींना पाळीची काहीतरी चाहूल लागते, कारण प्रोजेस्टेरॉन आलेलं असतं. चाहूल न लागणं हा पुरावा नाही, पण शंका घ्यायला पुरेसं कारण आहे. हनुवटीवरचे केस मी कधीपासून थ्रेडिंगने काढते, हेही त्यांनीच विचारलं. मला वाटलं होतं ते दिसत नाहीत.

मी त्यांना पिशवीतून ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या काढून दाखवल्या. ऑनलाइन मागवल्या होत्या, लघवीत बुडवायच्या. अकराव्या दिवसापासून जवळजवळ आठवडाभर माझी दुसरी रेघ गडद येत होती आणि मी ते शुभलक्षण समजत होते. त्यांचं म्हणणं असं की पट्टी एलएच नावाचा हार्मोन मोजते, बीज बाहेर पडलं का हे नाही. बीज बाहेर पडायच्या आधी एलएच एकदम उसळतो, एक-दोन दिवसांत उतरतो. ज्यांना पीसीओएस हा अंडाशयाचा हार्मोनबिघाड आहे त्यांच्यात तो मुळातच चढा राहू शकतो, म्हणून रेघ दिवसचे दिवस गडद दिसते. मोबाइलमधल्या ॲपचंही तसंच. ते मागच्या तारखांवरून हिशेब करून चौदाव्या-सोळाव्या दिवसावर खूण करतं. आत काय चाललंय ते त्याला कळायचा मार्गच नाही.

त्या महिन्यात दोन गोष्टी करायच्या ठरल्या. एक, रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, पाणीसुद्धा न पिता, जिभेखाली थर्मामीटर. साधा डिजिटल चालतो, फक्त दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा घ्यायचा, कारण फरक बारीक असतो. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट वर जातं आणि पाळीपर्यंत वरच राहतं. माझ्या वहीत पूर्ण महिना 97.2 ते 97.6 च्या मधेच वरखाली होत राहिला. एका लग्नातलं जागरण झालं त्या दिवशी तेवढा 97.9, दुसऱ्या दिवशी परत खाली. अशा एकट्या उडीला अर्थ नसतो, सलग तीन दिवस वर राहिलं तरच मोजायचं.

दुसरी गोष्ट, प्रोजेस्टेरॉन पुन्हा, पण या वेळी चार दिवसांच्या अंतराने दोनदा, म्हणजे पाळी दोन दिवस मागेपुढे झाली तरी एक नमुना योग्य जागी पडेल. 28 एप्रिलला दिलं, 0.4 आलं. 2 मेला दिलं, 0.6. आणि पाळी आली 6 मेला. म्हणजे एक नमुना आठ दिवस आधीचा, दुसरा चार दिवस आधीचा. बीज बाहेर पडल्याची खूण म्हणून 3 च्या वरचा आकडा धरतात, योग्य दिवशी घेतलेला असेल तर तो बऱ्याचदा 10 च्याही पुढे असतो. माझे दोन्ही आकडे 1 च्या आत. त्या महिन्यात बीज बाहेर पडलं नव्हतं आणि तरी तिसाव्या दिवसानंतर पाळी हजर.

ज्यांना असा रिपोर्ट येईल त्यांच्यासाठी दोन छोट्या सूचना. रिपोर्टवर एकक बघा. आमच्याकडच्या लॅब बहुधा एनजी प्रति एमएल देतात, काही ठिकाणी एनमोल प्रति लिटर असतं, आणि तिथे 3 च्या जागी साडेनऊ हा आकडा येतो. आणि रक्त दिलं त्या दिवसाची तारीख व त्यानंतरच्या पाळीची तारीख रिपोर्टवरच पेनाने लिहून ठेवा. त्याशिवाय तो कागद कुठल्याही डॉक्टरला उपयोगाचा नाही.

मग रक्त येतं कुठून? हा प्रश्न मी विचारलाच. मॅडमनी सांगितलं ते असं. अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल, म्हणजे बीज असलेल्या त्या पिशव्या, वाढायला लागतात, त्यातून इस्ट्रोजेन येतं, त्याने गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. पण त्यातलं एकही फॉलिकल पूर्ण वाढत नाही, फुटत नाही, काही दिवसांनी सुकतं. ते सुकलं की इस्ट्रोजेन खाली येतं आणि आधार गेलेलं अस्तर गळतं. कधी अस्तर इतकं वाढतं की इस्ट्रोजेन असूनही मधून मधून सुटत राहतं. दिसायला ती पाळीच. इस्ट्रोजेन विटा रचतं आणि प्रोजेस्टेरॉन त्यात सिमेंट भरतं, असं त्या म्हणाल्या. सिमेंट नसलेली भिंत एका वेळी स्वच्छ न पडता जिथून तिथून ढासळते, म्हणून कधी नुसते डाग तर कधी आठ दिवस स्राव. माझ्यात हा चढउतार योगायोगाने महिन्याच्या अंतराने होत होता, त्यामुळे तारखेवरून कुणालाच शंका आली नाही.

एखाद्या महिन्यात बीज बाहेर न पडणं हा आजार नाही. परीक्षेचा ताण, मोठा ताप, वजन एकदम उतरणं, यानेही एखादं चक्र चुकतं. नॉर्वेत तीन हजारांहून जास्त स्त्रियांच्या नियमित लांबीच्या चक्रांवर 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एका चक्राच्या रक्तचाचणीवरून सुमारे 37 टक्के चक्रांत बीज बाहेर पडल्याची खूण दिसली नाही. पण तो प्रत्येकीचा एकदाच घेतलेला नमुना होता. त्या बायकांचं पुढच्या महिन्यात काय झालं हे त्यातून कळत नाही. म्हणून एका चक्रावर निदान करायचं नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं आणि मेमध्ये फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे फॉलिकल वाढतं आणि फुटतं का ते बघणारी सोनोग्राफी, लावली.

ही सोनोग्राफी योनीमार्गातून करतात. लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून जायचं. रिसेप्शनवर आधार कार्डाची झेरॉक्स, डॉक्टरांची चिठ्ठी आणि शेवटच्या पाळीची तारीख मागतात. चिठ्ठी मूळ प्रत लागते, मोबाइलमधला फोटो चालला नाही आणि एकदा मला त्यासाठी परत यावं लागलं. पूर्ण चक्राचे अडीच हजार रुपये एकरकमी घेतले. नवऱ्याच्या मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही, कारण दवाखान्यात भरती नाही. पहिल्यांदा लाज वाटली आणि अंग आखडलं, पण दुखलं नाही. बाई डॉक्टर होत्या, पाच मिनिटांत होतं. शाळेला उन्हाळी सुट्टी होती म्हणून रजेचा प्रश्न आला नाही. नोकरी करणाऱ्या बाईने हा महिना शक्य तर सुट्टीत धरावा, कारण एक-दोन दिवसांआड जावं लागतं आणि पुढची तारीख आधी कळत नाही, आजचं बघून ठरते.

15 मेला, म्हणजे दहाव्या दिवशी, दोन्ही अंडाशयांत कडेने पुष्कळ बारीक फॉलिकल दिसले, सगळ्यात मोठं 9 मिलिमीटर. 17 तारखेला 11. 20 मेला 13, तेव्हा मला आशा वाटली. बीज फुटायला फॉलिकल साधारण 18 ते 24 मिलिमीटर व्हावं लागतं. 23 मेला पावसात भिजत गेलो, यंदा मेमध्येच पावसाने गाठलं होतं, आणि स्क्रीनवर तेच फॉलिकल 12 झालेलं. 27 मेला 10. वाढून वाढून परत आकसलं. गर्भाशयाच्या मागे पाणी नाही, म्हणजे फुटल्याची खूण नाही. अस्तर 9 मिलिमीटर झालं होतं आणि तीन रेघांचं दिसत होतं. बीज बाहेर पडल्यावर ते जसं एकसारखं पांढुरकं दिसायला लागतं, तसं झालंच नाही. पाळी आली 5 जूनला.

रक्ततपासणी असताना सोनोग्राफी कशाला, असं मला वाटलं होतं. कधी कधी फॉलिकल न फुटताच प्रोजेस्टेरॉन तयार करायला लागतं. रक्तात आकडा चांगला येतो, पण बीज आतच अडकलेलं असतं. ते फक्त सोनोग्राफीत दिसतं. उलट नुसत्या सोनोग्राफीत एखादी तारीख चुकली तर फुटलेलं कळत नाही. दोन्ही जुळले की मग खात्री.

जूनमध्ये पाळीच्या दुसऱ्या दिवशी उरलेली रक्ततपासणी झाली. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, उपाशीपोटी साखर, सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास. प्रोलॅक्टिनसाठी सकाळी गडबडीत जाऊ नका, लॅबमध्ये अर्धा तास शांत बसून मग रक्त द्या. धावपळीने तो वाढलेला दिसतो आणि उगाच पुढच्या तपासण्या मागे लागतात. माझं थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक होतं. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. निदान पीसीओएस. मी बारीक आहे, पाळी नियमित आहे, त्यामुळे हा शब्द माझ्या बाबतीत कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. बीज बाहेर न पडणं, पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आणि सोनोग्राफीतली अंडाशयं, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि थायरॉइड-प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणं नसली की हे निदान होतं. माझ्यात तिन्ही होत्या.

मूल नको असतं तर हे सोडून दिलं असतं का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही. प्रोजेस्टेरॉनशिवाय अस्तरावर वर्षानुवर्षं नुसतं इस्ट्रोजेन काम करत राहिलं तर ते जाड होत जातं, त्यातल्या पेशी बिघडू शकतात आणि पुढे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. ज्यांची पाळी तीन-चार महिने येतच नाही त्यांना हा धोका जास्त, माझ्यासारखीला कमी. तरी आठ दिवसांच्या पुढे चालणारा किंवा मधेच होणारा स्राव अंगावर काढायचा नाही, आणि वयाच्या पंचेचाळिशीनंतर असा बिघाड झाला तर अस्तराचा तुकडा काढून तपासून घ्यायचाच. मूल नको असणाऱ्या बायकांना अस्तराच्या संरक्षणासाठी प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या किंवा हार्मोनची तांबी देतात.

माझा उपचार लेट्रोझोल. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, रोज एक, 2.5 मिलिग्रॅम. सुरू करण्याआधी घरी लघवीची गर्भतपासणी करायला लावली, कारण माझ्या बाबतीत रक्त आलं म्हणजे पाळीच आली असं धरता येत नव्हतं. पाकिटातल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं लिहिलेलं वाचून माझ्या पोटात गोळा आला. मॅडमना फोन केला. औषध मूळचं त्यासाठीचंच आहे, पण इस्ट्रोजेन थोडे दिवस कमी करून मेंदूला फॉलिकल वाढवायचा निरोप जोरात पाठवायला लावतं. भारतात वंध्यत्वासाठी ते वापरायला 2011 मध्ये बंदी आली होती, 2017 मध्ये ती उठली, आणि पीसीओएसमध्ये आता हेच पहिल्यांदा देतात. दोनशे रुपयांच्या आत पाच गोळ्या आल्या.

पहिल्या खेपेला काही झालं नाही. शाळा सुरू झाली त्याच दिवशी, 16 जूनला, सोनोग्राफी होती. मोठं फॉलिकल 11, तीन दिवसांनी 12. किरकोळ रजा गेली आणि मन खट्टू झालं. पुढची पाळी आषाढीला, 6 जुलैला. या वेळी डोस 5 मिलिग्रॅम. 16 जुलैला उजवीकडे 15, 18 तारखेला 19. 21 जुलैला डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गोल फॉलिकल आकसून वेडंवाकडं झालं होतं, मागे थोडं पाणी होतं, अस्तर पांढुरकं. "फुटलंय बघा," त्या म्हणाल्या. 28 जुलैचं प्रोजेस्टेरॉन 13.2. वहीतलं तापमान 97.4 वरून 97.9 वर गेलेलं आणि तिथेच राहिलेलं. त्याच आठवड्यात छाती जड झाली, कंबर धरली, आणि हे कशामुळे होतंय ते मला या वेळी माहीत होतं. 3 ऑगस्टला पाळी आली, दुखली, पाच दिवसांत संपली.

त्या महिन्यात गर्भ राहिला नाही. बीज बाहेर पडलं तरी प्रत्येक महिन्यात गर्भ राहतोच असं नाही, हे आधीच सांगितलेलं होतं. मॅडमचं नियोजन असं आहे की याच डोसवर बीज बाहेर पडणारी सहा चक्रं द्यायची, तीन झाल्यावर गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते एक्स-रेने बघायचं. ऑगस्टच्या गोळ्या घेऊन झाल्या आहेत.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी परवा विचारलं की त्यांच्या धाकट्या जावेला 21 व्या दिवशी रक्त द्यायला सांगितलंय, तिची पाळी 35 दिवसांनी येते, तर द्यावं का. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करून अठ्ठाविसावा दिवस चालेल का विचारा, आणि नंतर पाळी कधी आली ती तारीख त्याच कागदावर लिहा.